दहापैकी दहावा

यूट्यूबवर चॅनेल चालवणाऱ्यांना नवा व्हिडिओ टाकल्यावर थोड्याच वेळात त्याचा क्रमांक दिसतो. 'यूट्यूब स्टुडिओ' या हिशेबाच्या पानावर लिहिलेलं असतं की तुमच्या अलीकडच्या दहा व्हिडिओंमध्ये हा कितवा. तुलना वरवर पाहता रास्त असते, कारण आधीच्या प्रत्येक व्हिडिओला तेवढ्याच तासांत किती व्ह्यूज मिळाले होते ते पाहून क्रमांक लावला जातो. तरीही 'अमुक काम कसं करायचं' हे शिकवणारे व्हिडिओ या यादीत बहुतेक वेळा तळाला असतात. दहापैकी दहावा. ज्यानं आठवडाभर खपून तो केलेला असतो, त्याचा उत्साह तिथेच मावळतो आणि पुढच्या वेळी तो सरळ कालच्या बातमीवर बोलायला बसतो.

मोजमाप चुकीचं नाही, पण ते फार लवकर केलेलं आहे. दोन प्रकारच्या व्हिडिओंना व्ह्यूज मिळण्याची घडणच वेगळी असते, आणि पहिल्या चोवीस तासांत त्यातली एकच दिसते.

ताज्या विषयाचं टोकाचं उदाहरण म्हणजे २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ. चांद्रयान-३ चंद्रावर उतरत असताना इस्रोच्या यूट्यूब चॅनेलवर एकाच वेळी ८० लाखांहून अधिक लोक ते थेट बघत होते. सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरलं आणि त्या प्रक्षेपणातलं कुतूहल तिथेच संपलं. पुढे ते बघणारे होते, पण आता उतरतं की नाही म्हणून श्वास रोखलेले नव्हते. या गर्दीचं वैशिष्ट्य असं की सगळ्यांना एकाच कारणानं, एकाच वेळी बघायचं होतं, आणि एकदा बघून झाल्यावर पुन्हा यायचं कारण कोणाकडेच नव्हतं.

आता दुसऱ्या टोकाचा व्हिडिओ घेऊ. 'सातबारा उतारा ऑनलाइन कसा काढायचा.' bhulekh.mahabhumi.gov.in या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून उतारा नुसता पाहता येतो, आणि सरकारी कामाला चालणारा डिजिटल सहीचा उतारा १५ रुपये भरून उतरवून घेता येतो. हे बघायची गरज कोणाला पडते? पीककर्जासाठी बँकेनं उतारा मागितला म्हणून कोणाला, वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली का हे पाहायचं म्हणून कोणाला, जमिनीचा व्यवहार ठरत आलाय म्हणून आणखी कोणाला. परभणीतल्या शेतकऱ्याला मंगळवारी लागतो आणि डोंबिवलीत राहणाऱ्या, गावी दोन एकर असलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्यामुळे गर्दी कधीच होत नाही, आणि रांग कधीच संपतही नाही.

जत्रेतलं दुकान आणि एसटी स्टँडवरची टपरी यांत असाच फरक असतो. जत्रेतला विक्रेता दोन दिवसांत वर्षाची कमाई करतो आणि तिसऱ्या दिवशी तंबू गुंडाळतो. टपरीवाल्याकडे कधीही पाहिलं तर चारच गिऱ्हाइकं दिसतात, पण दर गाडीला नवी चार.

हा नुसता अंदाज नाही, त्याचं मोजमाप झालेलं आहे. झुरिकमधल्या ईटीएच विद्यापीठातल्या राइली क्रेन आणि दिदिए सॉर्नेट या दोघांनी यूट्यूबवरच्या सुमारे ५० लाख व्हिडिओंचे रोजचे व्ह्यूज कित्येक महिने नोंदवले आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सॉर्नेट भूकंपाचा अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. मोठ्या भूकंपानंतरचे धक्के कसकसे विरळ होत जातात याचं जे गणित असतं, त्याच जातीचं गणित त्यांना इथे लागू पडताना दिसलं. पहिली गोष्ट अशी कळली की जवळपास नव्वद टक्के व्हिडिओंमध्ये एक तर फारशी हालचालच नव्हती, किंवा रोजचे व्ह्यूज निव्वळ योगायोगानं, एकमेकांशी संबंध नसलेली माणसं येऊन जावीत तसे वरखाली होत होते. शिखर, वादळ, 'व्हायरल' हा सगळा प्रकार उरलेल्या दहा टक्क्यांतला. आपण यूट्यूबबद्दल बोलतो ते जवळजवळ सगळं या दहा टक्क्यांबद्दलच असतं, हेही गमतीचं आहे.

या दहा टक्क्यांत त्यांना उताराचे वेगवेगळे वेग सापडले. एखाद्या व्हिडिओकडे बाहेरच्या घटनेमुळे एकदम लक्ष गेलं, पण बघणाऱ्यानं तो पुढे कोणाला पाठवला नाही, तर उतार सर्वांत तीव्र असतो. पहिल्या दिवशी जेवढे व्ह्यूज, त्याच्या साधारण पंचविसावा हिस्सा दहाव्या दिवशी उरतो. धक्का बाहेरूनच बसला पण लोकांनी तो एकमेकांना पाठवला, तर दहाव्या दिवशी सुमारे चौथा हिस्सा टिकतो. तिसऱ्या प्रकारात बाहेरचा धक्का नसतोच. व्हिडिओ तोंडी प्रसारानं हळूहळू वर चढतो आणि शिखरानंतरही फार सावकाश उतरतो. हा फरक समजावताना त्यांनी गूगलवरच्या शोधांचं उदाहरण दिलं होतं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर 'त्सुनामी' हा शब्द शोधणारे एका दिवसात उसळले आणि ओसरले. हॅरी पॉटरच्या सिनेमाबद्दलचे शोध मात्र प्रदर्शनाच्या आधीपासून वाढत गेले आणि नंतर तसेच सावकाश कमी झाले.

यात एक बारकावा आहे आणि तो पुढच्या हिशेबाला महत्त्वाचा आहे. हा उतार 'दर दोन दिवसांनी निम्मे' अशा पद्धतीचा नाही. निम्मे-निम्मे होत गेले असते तर महिन्याभरात व्हिडिओ शून्यावर आला असता. प्रत्यक्षात सुरुवातीला घसरण कोसळल्यासारखी असते आणि नंतर ती मंदावते. त्यामुळे जुन्या बातमीच्या व्हिडिओलाही वर्षभरानं रोज चार-दोन माणसं सापडतातच.

आता दोन काल्पनिक व्हिडिओ शेजारी ठेवून आकडेमोड करू. एकाच चॅनेलवर, एकाच दिवशी टाकलेले. पहिला त्या दिवशीच्या गाजलेल्या घोषणेवरचा. त्याला पहिल्या दिवशी २०,००० व्ह्यूज मिळाले असं धरू आणि उतार वरच्यातला सर्वांत तीव्र. मग दहाव्या दिवशी त्याला सुमारे ८०० मिळतात, तिसाव्या दिवशी १७० आणि शंभराव्या दिवशी ३०. बेरीज केली तर पहिल्या आठवड्यात जवळजवळ ४०,०००, महिनाअखेर ४९,००० आणि वर्षाअखेर ५७,०००. म्हणजे वर्षाच्या एकूण कमाईतला दोन तृतीयांशाहून मोठा वाटा पहिल्या सात दिवसांतला.

दुसरा व्हिडिओ सातबाऱ्याचा. पहिल्या महिन्यात त्याला एकूण ७०० व्ह्यूज मिळाले, त्यातलेही काही चॅनेलच्या जुन्या प्रेक्षकांनी सवयीनं पाहिलेले. दुसऱ्या महिन्यात रोज ४०, तिसऱ्यात रोज ६०, मग ८०, १००, आणि सहाव्या महिन्यापासून रोज १२० वर तो स्थिर झाला. सहा महिन्यांची बेरीज १२,७०० आणि वर्षाची जेमतेम ३५,०००.

इथे दोन वेगळ्या तारखा निघतात आणि बहुतेकांचा गोंधळ त्या एकत्र केल्यानं होतो. रोजच्या व्ह्यूजच्या हिशेबात सातबाऱ्याचा व्हिडिओ बातमीच्या व्हिडिओला साधारण साठाव्या दिवशी गाठतो. त्या सुमाराला दोघांनाही रोज साठ-पासष्ट माणसं बघत असतात, एक उतरताना आणि दुसरा चढताना. पण एकूण बेरजेत त्याला बरोबरी करायला साडेअठरा महिने लागतात. दोन महिन्यांनी रोजचा आकडा पाहणारा म्हणतो, शिकवणारे व्हिडिओच खरे. वर्षअखेरीला एकूण आकडा पाहणारा म्हणतो, बातम्याच बऱ्या. दोघं एकाच चॅनेलबद्दल खरंच बोलत असतात.

या आकडेमोडीतून आणखी एक गोष्ट निघते, आणि एव्हरग्रीन, म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या, व्हिडिओंचे गोडवे गाणारे ती सहसा सांगत नाहीत. फायदा व्हायला हा व्हिडिओ साडेअठरा महिने जिवंत राहावा लागतो. तोपर्यंत त्यात दाखवलेलं सरकारी संकेतस्थळ तसंच राहील का, हा प्रश्न चॅनेलवाल्याच्या हातातला नाही.

पण मुळात तो इतका हळू का चढतो? गरज असलेली माणसं पहिल्या दिवशीही तेवढीच होती की. सातबारा शोधणारे रोज असतात, मग पहिल्याच दिवशी १२० का नाहीत?

कारण ती माणसं चॅनेलवर येत नाहीत. ती शोधपट्टीत शब्द टाकतात आणि समोर येईल त्यातलं काहीतरी निवडतात. तिथे वर आधीपासून वर्षानुवर्षं बसलेले व्हिडिओ असतात. शोधाच्या निकालांचा क्रम लावताना शब्दांशी जुळणी, लोकांनी तो व्हिडिओ किती पाहिला आणि त्या विषयातला भरवसा या गोष्टी धरतो असं यूट्यूब स्वतः सांगतं. यातली जुळणी पहिल्या दिवशी कळते, पण लोकांनी किती पाहिला हे कळायला आधी तो लोकांसमोर यावा लागतो. नव्या व्हिडिओची चित्रं सुरुवातीला थोड्याच जणांसमोर येतात. चित्र एकदा समोर आलं की त्याला 'इम्प्रेशन' म्हणतात, आणि शंभर इम्प्रेशनमागे किती जणांनी दाबलं त्याला क्लिक-थ्रू रेट. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा हा दर दोन ते दहा टक्क्यांच्या मध्ये असतो.

समजा एखाद्या व्हिडिओचा खरा दर पाच टक्के आहे. शंभर इम्प्रेशनमध्ये पाच जणांनी दाबावं ही अपेक्षा, पण एवढ्या लहान संख्येत निव्वळ योगायोगानं तीन किंवा सातही सहज होतात. म्हणजे सात टक्क्यांचा उत्तम व्हिडिओ आणि तीन टक्क्यांचा सुमार व्हिडिओ यांत शंभर इम्प्रेशनवरून फरक करता येत नाही. दहा हजार इम्प्रेशन झाल्यावर मात्र अपेक्षित पाचशेच्या मागेपुढे वीस-पंचवीसचाच फरक पडतो आणि चित्र स्वच्छ होतं. बातमीच्या व्हिडिओला हे दहा हजार दुपारपर्यंत मिळतात. सातबाऱ्याच्या व्हिडिओला त्यासाठी आठवडे जातात. कोणताही क्रम लावणारा, मग तो माणूस असो की यंत्र, पुरावा जमेपर्यंत त्याला वर नेऊ शकत नाही. एकदा तो वर गेला की जास्त लोकांसमोर येतो, पुरावा वेगानं जमतो आणि चढण थोडी तीव्र होते. शेवटी त्या शब्दांना शोधणाऱ्या माणसांची रोजची संख्याच मर्यादा ठरते. वरच्या उदाहरणात १२० वर तो स्थिर झाला तो म्हणूनच. व्हिडिओ आणखी चांगला केला तरी सातबारा हवा असलेली माणसं वाढत नाहीत.

बातमीच्या व्हिडिओचा रस्ता वेगळा. त्याला शोधायला कोणी येत नाही, तो लोकांपुढे ठेवला जातो, म्हणजे मुखपृष्ठावर, घंटा दाबून ठेवलेल्यांच्या सूचनांमध्ये आणि दुसऱ्या व्हिडिओच्या शेजारी. इथे ताजेपणाला मुद्दाम वजन दिलेलं असतं. गूगलच्या तीन अभियंत्यांनी, कव्हिंग्टन, अ‍ॅडम्स आणि सार्गिन यांनी, २०१६ मध्ये यूट्यूबच्या शिफारस यंत्रणेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एक अडचण सांगितली आहे. यंत्राला मागच्या कित्येक आठवड्यांच्या नोंदींवरून शिकवलं की ते व्हिडिओच्या त्या आठवड्यांतल्या सरासरी लोकप्रियतेवर विसंबतं. प्रत्यक्षात व्हिडिओ टाकल्यानंतरच्या काही दिवसांत मागणी टोकाला असते आणि सरासरीत ते टोक बुडून जातं. म्हणून त्यांनी प्रत्येक नोंद किती जुनी हेही यंत्राला सांगायला सुरुवात केली, आणि यंत्र त्या सुरुवातीच्या उसळीला ओळखू लागलं. तेव्हाची रचना आज जशीच्या तशी असेल असं नाही, पण लोकांना नवं आवडतं हे यंत्रणेला मुद्दाम शिकवावं लागलं होतं, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

थोडक्यात, ताज्या व्हिडिओला यंत्रणा ढकलते आणि शिकवणाऱ्या व्हिडिओला माणूस ओढून आणतो. यंत्रणेला उद्या ढकलायला दुसरं काही मिळतं. माणसाची गरज तशीच राहते.

म्हणून पहिल्या काही दिवसांवरून पुढचं भाकीत करायला गेलं तर दोन प्रकारांत अचूकतेचा मोठा फरक पडतो. गॅबर साबो आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी २०१० मध्ये हेच तपासलं. 'डिग' या त्या काळच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर एखाद्या बातमीला पहिल्या दोन तासांत मिळालेल्या प्रतिसादावरून महिन्यानंतरचा आकडा जितका बरोबर सांगता येत होता, तितक्याच अचूकतेसाठी यूट्यूबचा व्हिडिओ दहा दिवस पाहत राहावा लागत होता. आणि जे दीर्घकाळ चालणारं साहित्य होतं, त्याच्या बाबतीत भाकीत सर्वांत जास्त चुकत होतं. स्टुडिओतला तो पहिल्या दिवसाचा क्रमांक बातमीसाठी बऱ्यापैकी निकाल असतो, सातबाऱ्यासाठी मात्र नाही.

आता फसवणाऱ्या व्हिडिओंकडे वळू. शिकवणारा व्हिडिओ म्हणजे एव्हरग्रीन हे समीकरणच चुकीचं आहे. २८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली, महिन्याला १५०० रुपये. १ जुलैपासून अर्ज सुरू झाले आणि 'फॉर्म कसा भरायचा' हे सांगणाऱ्या मराठी व्हिडिओंचा पूर आला. दिसायला ते अस्सल शिकवणारे होते, म्हणजे मोबाइलचा पडदा, एकेक रकाना, कोणतं कागदपत्र कुठे जोडायचं. पण त्यांची मागणी बातमीची होती. सुरुवातीची मुदत १५ जुलै, मग ३१ ऑगस्ट, पुढे आणखी वाढ, आणि अर्ज घेणं थांबलं तशी ती गरजही संपली. मधल्या काळात अर्ज आधी 'नारीशक्ती दूत' अ‍ॅपवर आणि नंतर स्वतंत्र संकेतस्थळावर घेतले गेले. त्यामुळे अ‍ॅपवर केलेले व्हिडिओ मुदत संपायच्या आधीच कालबाह्य झाले. २०२५ च्या सप्टेंबरात याच योजनेची ई-केवायसी निघाली तेव्हा पुन्हा गर्दी आली, पण ती नव्या प्रश्नाची. जुन्या फॉर्मच्या व्हिडिओत तिचं उत्तर नव्हतं.

यावरून ओळखायची खूण अशी की व्हिडिओच्या रूपाकडे बघू नये, गरज कशामुळे उत्पन्न होते ते बघावं. ती एखाद्या तारखेमुळे होत असेल तर शिखर येणार आणि जाणार, मग व्हिडिओत कितीही शिकवलेलं असो. ती माणसाच्या स्वतःच्या आयुष्यातल्या घडामोडीमुळे होत असेल, वारस लागला, घर बदललं, सिलिंडरचा रेग्युलेटर बसेना, तर ती रोज नव्यानं कोणाला तरी पडत राहणार.

या दोघांच्या मधला एक प्रकार आपल्याकडे विशेष आहे, सणांचा. 'उकडीचे मोदक' हा शब्द गूगल ट्रेंड्सवर टाकून पाहिला तर वर्षभर जवळजवळ सपाट रेघ आणि गणेश चतुर्थीच्या आसपास एक सुळका, असं दर वर्षी दिसतं. उकड फुटू नये म्हणून काय करायचं हे सांगणारा चांगला व्हिडिओ दहा वर्षं चालू शकतो, पण वर्षातले काही दिवसच. त्याचा हिशेब करताना लोक एक चूक हमखास करतात. गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना करतात. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. सप्टेंबर महिन्याशी सप्टेंबर महिना ताडून पाहिला तर २०२५ मध्ये व्हिडिओ बसला असं वाटेल, प्रत्यक्षात सुळका फक्त ऑगस्टात सरकलेला असतो. इथे तुलना इंग्रजी तारखेशी न करता तिथीशी करायची, चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस विरुद्ध मागच्या चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस. आणि व्हिडिओ सणाच्या आदल्या दिवशी टाकून उपयोग नाही. वर सांगितल्याप्रमाणे पुरावा जमायला त्याला आठवडे लागतात, म्हणजे पहिल्या वर्षीचा सुळका बहुधा हुकतोच. खरं पीक दुसऱ्या वर्षी येतं.

सातबाऱ्याच्या व्हिडिओकडे परत येऊ. तो रोज १२० वर स्थिर झाला की आकडे पाहण्याची रीत बदलावी लागते. एकमेकांशी संबंध नसलेली १२० माणसं रोज येत असतील तर कधी १०० आणि कधी १४० येणं अगदी साहजिक आहे, त्यात कारण शोधू नये. लक्ष द्यायचं ते महिन्याच्या बेरजेकडे आणि व्ह्यूज कुठून आले याकडे. स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओसाठी हे स्रोत दिसतात. एव्हरग्रीन व्हिडिओत यूट्यूबवरच्या शोधाचा वाटा मोठा असतो, आणि लोकांनी नेमके कोणते शब्द टाकले तेही वाचता येतं. मुखपृष्ठाचाच वाटा मोठा असेल आणि शोधाचा नगण्य, तर व्हिडिओ शिकवणारा असला तरी सध्याच्या व्ह्यूजवर फार भिस्त ठेवू नये.

असा व्हिडिओ मरतो कसा हेही बघण्यासारखं आहे. बातमीचा व्हिडिओ लोकांना नकोसा होतो म्हणून मरतो. शिकवणारा व्हिडिओ लोकांना हवा असतानाच मरतो, कारण त्यातलं उत्तर चुकीचं झालेलं असतं. संकेतस्थळाची मांडणी बदलली, एक बटण दुसऱ्या पानावर गेलं, लॉगिनला मोबाइल क्रमांकाची पायरी वाढली. पहिले काही दिवस व्ह्यूजच्या आकड्यात काहीच दिसत नाही, शोधणारे येतच असतात. आधी बिघडतो तो रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कितव्या सेकंदाला किती प्रेक्षक उरले याची रेघ. पूर्वी सावकाश उतरणारी ती रेघ एका ठिकाणी अचानक खचते, आणि त्या सेकंदाला व्हिडिओ उघडला तर नेमकी बदललेली पायरी समोर येते. त्याच सुमारास खाली 'सर, माझ्याकडे हे ऑप्शन दिसत नाही' अशा टिप्पण्या वाढतात. मग क्रम घसरू लागतो आणि व्ह्यूज सर्वांत शेवटी. आकडा पडण्याची वाट पाहणारा माणूस त्यामुळे बराच उशिरा जागा होतो.

तोपर्यंत एक अडचण पुढे उभी असते. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओची फाइल त्याच पत्त्यावर बदलता येत नाही. आतला भाग कापता येतो, काही झाकता येतं, शीर्षक आणि वर्णन बदलता येतं, पण नवं चित्रीकरण जुन्या जागी बसवता येत नाही. नवा व्हिडिओ टाकावा लागतो आणि तो पुन्हा शून्यापासून, पहिल्या महिन्याच्या ७०० व्ह्यूजपासून सुरू होतो. म्हणून पडदा दाखवणारा भाग आणि समजावून सांगणारा भाग सुरुवातीपासून वेगळे ठेवणं शहाणपणाचं. गट क्रमांक म्हणजे काय, सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना कसा वाचायचा, नुसता पाहायचा उतारा आणि डिजिटल सहीचा उतारा यांत फरक काय, हे सांगणारा व्हिडिओ संकेतस्थळ तीनदा बदललं तरी चालतो. 'इथे क्लिक करा' सांगणारा चालत नाही.

नवा व्हिडिओ टाकलाच तर जुना लगेच काढून टाकू नका. शोधाच्या यादीतली जागा त्याची आहे, नव्याची अजून नाही, आणि पुढचे काही महिने लोक आधी त्याच्यावरच येणार. चुकीचा झालेला भाग कापून टाका, वर्णनाच्या पहिल्या ओळीत आणि वर पिन केलेल्या टिप्पणीत नव्या व्हिडिओचा दुवा द्या, आणि नव्याचे रोजचे व्ह्यूज जुन्याच्या पुढे गेल्यावरच जुन्याचं काय करायचं ते ठरवा.